धर्म आणि स्थलांतर: संपादित ग्रंथाचा प्रस्ताव आणि प्रकरणांसाठी आवाहन. मसुद्यावर मतं हवीत

अनघा_प

नमस्कार मंडळी. धर्म आणि स्थलांतर या विषयावर मराठीत एक संपादित ग्रंथ काढायचा आम्हा दोघींचा विचार आता कागदावर आला आहे. मी समाजशास्त्र शिकवते, सहकारी इतिहासाची आहे. एका प्रकाशनसंस्थेने प्रस्ताव पाठवा म्हटलं आहे. तो पाठवायच्या आधी प्रकरणांसाठीचं आवाहन इथे मांडते आहे, कारण या विषयावर लिहू शकणारे आणि त्यातून गेलेले लोक या संस्थळावर आहेत हे मला ठाऊक आहे.

सध्याचा मसुदा असा:

"माणसं गाव सोडतात तेव्हा देव, विधी, सण आणि श्रद्धा त्यांच्याबरोबर कशा प्रवास करतात? नव्या भूमीत त्यांचं रूप कसं बदलतं? मराठी आणि कोकणी भाषकांच्या स्थलांतरांचा धर्माच्या अंगाने अभ्यास करणारी प्रकरणं मागवत आहोत. मॉरिशसमधले मराठी, तंजावरचे मराठी, कोकणातून इस्रायलला गेलेले बेने इस्रायल ज्यू, मुंबईतले गोंयकार, पोर्तुगीज राजवटीत गोव्यातून स्थलांतरित झालेली दैवतं, परदेशातले आंबेडकरी बौद्ध, मुंबईतले चाकरमानी अशा विषयांचं स्वागत आहे. प्रथम ५०० शब्दांचा गोषवारा. स्वीकृत प्रकरण टिपांसह ७००० शब्द."

एकूण बारा प्रकरणं धरली आहेत. मला स्वतःला बेने इस्रायल हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, त्यावर निदान दोन प्रकरणं हवीत असं मनात आहे. मोकळेपणाने लिहा.

समीर_चिपळूण

अतिशय चांगला उपक्रम. माझे आजोबा गिरणीत होते. आमच्याकडे शिमग्याला पालखी घरी यायची म्हणून मुंबईहून अख्खं कुटुंब यायचं, अजूनही येतं. पालखी कुणाच्या दारात आधी, यावरून भाऊबंदांत दोन वर्षं वाद होता आणि तो मुंबईच्या मंडळाच्या बैठकीत मिटला, गावात नाही. मी हे सगळं लिहून काढलं आहे, साधारण चाळीस पानं, फोटोंसह. कुठल्या पत्त्यावर पाठवू? मानधनाची अपेक्षा नाही.

अनघा_प

समीर, आपुलकीबद्दल आभार. पण हा आठवणींचा संग्रह नाही, अभ्यासाचं प्रकरण हवं आहे. तुम्ही शेवटी लिहिलंत की गावच्या पालखीचा वाद मुंबईच्या मंडळात मिटला, ते मात्र मला खरोखर हवं आहे. गावच्या देवाबद्दलचा निर्णय गावाबाहेर गेलेल्यांच्या हातात कधी आणि कसा गेला, यावर कुणी अभ्यासक तुमच्याबरोबर बसून लिहू शकेल. मी तुम्हाला व्यनि करते.

पाटी_पेन्सिल

मी बरीच वर्षं अशा ग्रंथांच्या संपादनाचं काम केलं आहे, त्यामुळे थोडं परखड लिहितो. हा मसुदा असाच पाठवलात तर परीक्षक एकच वाक्य लिहितील: प्रकरणं चांगली आहेत, पण ती एकमेकांशी बोलत नाहीत. संपादित ग्रंथ परत येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच असतं.

तुमच्या यादीत सात समाज आहेत आणि प्रश्न एकही नाही. "रूप कसं बदलतं" हा प्रश्न होत नाही. कुठल्याही समाजाबद्दल कुणीही "काही बदललं, काही टिकलं" असं लिहून मोकळं होऊ शकतं, आणि तसे गोषवारे तुमच्याकडे पंचवीस येतील. ते वाचताना तुम्हाला कळेल की कुठला घ्यावा आणि कुठला नाकारावा याला तुमच्याकडे काही मोजमाप नाही.

तुम्ही म्हणालात, बेने इस्रायल सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. का वाटतात ते चार ओळींत लिहा. बहुतेक वेळा संपादकाचा खरा प्रश्न तिथेच दडलेला असतो. मग इतर समाज त्या प्रश्नाला काय उत्तर देतात ते पाहा. जे काहीच देत नाहीत ते या ग्रंथातून काढा, कितीही रंजक असले तरी.

उत्तरा

बेने इस्रायलचं महत्त्व उघडच आहे ना? शतकानुशतकं कोकणात राहिले, तेल गाळलं, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून शनवार तेली म्हणवले, आणि शेवटी इस्रायलला गेले तर तिथल्या रब्बींनी सांगितलं की तुम्ही ज्यू नाहीच. धर्मासाठी देश सोडला आणि धर्मानेच दार लावलं. यावर अख्खा ग्रंथ होईल.

नवगाव

उत्तराताई, तुमचा रोख बरोबर आहे, पण घडलं ते अगदी तसं नाही, आणि तो फरक आमच्या समाजाला फार महत्त्वाचा आहे. मी स्वतः बेने इस्रायल, ठाण्यात राहतो. निम्मे नातेवाईक इस्रायलमध्ये लोद आणि दिमोनाला आहेत.

आम्ही ज्यू नाही असं राज्याने कधी म्हटलं नाही. १९५० च्या परतीच्या कायद्याने आमची माणसं गेली, त्यांना नागरिकत्व मिळालं. ज्यू म्हणूनच मिळालं. पहिल्या वर्षांत बीरशेबाकडे काम, घरं आणि रंगावरून मिळणारी वागणूक यावरून मोठी नाराजी झाली, तेल अवीवला धरणं झालं आणि १९५२ मध्ये काही कुटुंबं चक्क भारतात परतली. त्यातली बरीच पुढे पुन्हा गेली. हा एक भाग.

लग्नाचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. इस्रायलमध्ये १९५३ च्या कायद्याने ज्यूंची लग्नं आणि काडीमोड रब्बींच्या न्यायालयांकडे आहेत, नोंदणी पद्धतीचं लग्न तिथे नाही. आमची मुलं इराकी, मोरोक्कन, युरोपीय ज्यूंशी लग्न ठरवायला लागली तेव्हा अडलं. रब्बींचं म्हणणं असं होतं की तुमच्याकडे शेकडो वर्षं रब्बी नव्हते. मग पूर्वी कुणा बाईचा काडीमोड धर्माच्या नियमाने झाला होता याचा पुरावा काय? काडीमोडाचा तसा कागद न मिळवता तिने दुसरं लग्न केलं असेल, तर त्या लग्नाच्या मुलांना धर्मशास्त्राप्रमाणे इतर ज्यूंशी लग्न करता येत नाही, त्यांच्या मुलांनाही नाही. म्हणजे शंका आम्ही ज्यू आहोत की नाही एवढ्यावरच नव्हती, आमच्या आज्यापणज्यांच्या लग्नांवर होती. रब्बींच्या १९६२ च्या सूचनांत लग्नाच्या निबंधकांना सांगितलं होतं की बेने इस्रायलपैकी कुणी इतर ज्यूंशी लग्न करत असेल तर आईच्या बाजूच्या पिढ्या शक्य तितक्या मागे तपासा, आणि आईवडील-आजीआजोबांत कुणी काडीमोडानंतर पुन्हा लग्न केलं होतं का ते पाहा.

उत्तरा

हे मला माहीत नव्हतं. पण मग १९६४ चं आंदोलन कशावर होतं?

नवगाव

याच सूचनांवर. त्यांत आमच्या समाजाचं नाव घालून तपास सांगितला होता. इतर कुणाच्या नावाने असा आदेश नव्हता. देशभरातून आमची माणसं जेरुसलेमला जमली, बायकामुलांसह ठिय्या देऊन बसली. ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेची, म्हणजे क्नेसेटची, खास बैठक झाली आणि बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यू आहेत असं सरकारने जाहीर केलं. त्यानंतर रब्बींनी सूचनांतलं आमचं नाव काढलं आणि "ज्यांच्याबद्दल शंका असेल त्यांची चौकशी करावी" अशी सर्वसाधारण भाषा घातली. आमच्याकडे तो विजय मानतात. माझे काका मानत नाहीत. ते म्हणायचे, नाव गेलं, चौकशी राहिली. पुढेही ठिकठिकाणी लोकांना त्रास झाल्याचं ऐकून आहे.

अनघा_प

नवगाव, तुमचे दोन्ही प्रतिसाद मी आमच्या सहकारीला तसेच्या तसे वाचून दाखवले. पाटी_पेन्सिल यांना हव्या असलेल्या चार ओळी त्यातूनच मिळताहेत असं वाटतं. लिहून पाहते:

स्थलांतरित माणसाच्या धर्माला दोन प्रकारची मान्यता लागते. हा माणूस आत येऊ शकतो, ही राज्याची. याचं लग्न, बारसं, अंत्यविधी आमच्यात होऊ शकतो, ही धर्मसंस्थेची. मूळ गावी या दोन्हींची गरज कुणाला जाणवत नाही, कारण तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. बेने इस्रायलच्या बाबतीत एक मान्यता विमानतळावर मिळाली आणि दुसरी चौदा वर्षं भांडून, तीही अर्धवट. आमचा प्रश्न असा: कुठले विधी कुणाच्याही परवानगीशिवाय नव्या देशात जातात, कुठल्या विधींना परवानगी लागते, आणि ती देणारा कोण हे कसं ठरतं?

पाटी_पेन्सिल

हा प्रश्न आहे. आता यादी याच्यासमोर ठेवा. तंजावर मला इथे बसताना दिसत नाही, तिथे मराठे राज्यकर्ते म्हणून गेले, मान्यता देणारे तेच होते. उलट बाजूचं उदाहरण म्हणून एखादं प्रकरण चालेल, पण तसं कुणी लिहिणार असेल तरच. आंबेडकरी बौद्धांचा परदेशातला अनुभव नक्की ठेवा. परदेशी विहारात गेल्यावर तिथल्या थेरवादी भिक्खूंच्या रीतीशी बावीस प्रतिज्ञांचं नातं कसं लागतं, हा नेमका मान्यतेचा प्रश्न आहे. "गोंयकार" म्हणजे तुम्हाला नेमकं काय हवं आहे ते मात्र कळत नाही.

कुडतरी

गोंयकारांचं मी सांगते. माझे पणजोबा बोटीवर होते आणि दोन बोटींच्या मध्ये मुंबईच्या कुडीत राहायचे. कूड म्हणजे गावाचा क्लब. एका गावची कूड, त्या गावचेच पुरुष. धोबी तलाव, माझगाव, डोंगरी या भागात होत्या, काही अजून आहेत. धोबी तलावच्या जेर महालमध्ये एकाच इमारतीत कितीतरी गावांच्या कुडी आहेत. महिन्याला अगदी थोडे पैसे भरायचे, पेटी ठेवायला जागा आणि झोपायला चटई. आणि एक नियम सगळीकडे: संध्याकाळी वेदीपुढे तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायलाच हवा. गावच्या संताचं फेस्त कुडीत वेगळं व्हायचं. त्याला पाद्री लागायचा, पण रोजच्या तेर्साला कुणी लागत नसे.

अनघाच्या प्रश्नाला आमच्याकडे फार चपखल उदाहरण आहे. मुंबईत त्या काळी कॅथलिकांवर दोन अधिकार एकदम चालत होते. एक पोर्तुगालच्या राजाच्या हक्काने चालणारं पाद्रुआद, दुसरं थेट रोमहून नेमलेल्या बिशपांचं प्रोपगांड. एकाच शहरात, काही ठिकाणी एकाच वस्तीत. गोव्याहून आलेला माणूस पाद्रुआदच्या चर्चकडे ओढला जायचा, कारण गावचा पाद्री त्याच व्यवस्थेतला. हा दुहेरी कारभार १९२८ पर्यंत चालला. म्हणजे बाप्तिस्मा कुठल्या वहीत लिहायचा, लग्न कुणी लावायचं, हे स्थलांतरितासाठी रोजचे प्रश्न होते, आणि विश्वास तर एकच होता.

पाटी_पेन्सिल

हे प्रकरण तुम्ही लिहा. खरंच. कुडीतला तेर्स विनापरवानगीचा, लग्न परवानगीचं, आणि परवानगी देणारे दोन. नवगाव यांच्या प्रकरणाशेजारी हे ठेवलं तर वाचकाला प्रस्तावना न वाचताही ग्रंथाचा मुद्दा समजेल.

कुडतरी

मी अभ्यासक नाही, परिचारिका आहे. पण चर्चच्या वह्या पाहण्याची परवानगी मिळाली तर एखाद्या इतिहासवाल्यासोबत करेन.

रानपाखरू

मी पीएचडीची विद्यार्थिनी. बेने इस्रायल समाजातल्या मलिद्यावर काम करते आहे. धाडस करून माझा गोषवारा टाकते, सुधारून द्या:

"मलिदा हा बेने इस्रायल समाजाचा वैशिष्ट्यपूर्ण विधी आहे. संदेष्टा एलियाहू हन्नाबी यांच्या स्मरणार्थ तो केला जातो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि फळं यांचं ताट मांडून प्रार्थना म्हटली जाते. कोकणातून इस्रायलला स्थलांतर झाल्यावरही ही परंपरा टिकून आहे. प्रस्तुत प्रकरणात मलिद्यातील सातत्य आणि परिवर्तन यांचा वेध घेतला जाईल."

पाटी_पेन्सिल

धाडस केलंत ते बरं केलंत. शेवटचं वाक्य काढा. "वेध घेतला जाईल" असं लिहिणाऱ्याला काय सापडलं ते त्याने अजून ठरवलेलं नसतं. गोषवाऱ्यात परीक्षकाला चार गोष्टी दिसायला हव्यात: तुम्ही कुठे पाहिलं, कुणाशी बोललात, काय सापडलं, आणि त्यामुळे या ग्रंथाच्या प्रश्नाबद्दल काय वेगळं म्हणता येतं. तुमच्याकडे चारही असणार, नाहीतर तुम्ही काम करत नसता. आता मला साधं सांगा, कोकणात मलिदा कोण करतं आणि इस्रायलमध्ये कोण?

रानपाखरू

अलिबाग आणि पनवेलकडच्या वयस्क लोकांनी सांगितलं की मलिदा घरी व्हायचा. नवस फेडायला, मूल झालं, आजारातून उठलं, नवं घर घेतलं, परीक्षा पास झाली, लग्नाच्या आधी. घरातलं किंवा शेजारचं कुणी जाणतं माणूस प्रार्थना म्हणायचं. रब्बी असण्याचा प्रश्नच नव्हता. अलिबाग तालुक्यात एलियाहू हन्नाबीचा टापा म्हणतात तो खडक आहे, तिथे नवस बोलतात. इस्रायलमधल्या ज्या कुटुंबांशी मी व्हिडिओवर बोलले त्यांच्याकडे मलिदा बहुतेक मेंदीच्या रात्री होतो, हॉलमध्ये, शंभर-दीडशे माणसांत. नवसासाठी काही जण हैफाच्या एलियाहूच्या गुहेत जातात. तिथे इतर ज्यूही येतात.

नवगाव

हे बरोबर सांगितलं. आमच्या घरात अजून नवसाचा मलिदा होतो. माझ्या मोठ्या आईने शिकवलेली रीत अशी की पोहे भिजवून निथळायचे पण मऊ पडू द्यायचे नाहीत, वर खोबरं-साखर, बाजूला केळी, खजूर आणि मोसमाची फळं. झाडाचं फळ, जमिनीतलं फळ, सुवासाची वस्तू, प्रत्येकाची वेगळी बराखा म्हणजे आशीर्वचन, ते म्हटल्यावरच ती वस्तू खायची. मधे एलियाहू हन्नाबीचं गाणं सगळे मिळून म्हणतात. एका गोष्टीकडे लक्ष द्या. ताट कोकणातलं आहे, पण त्या बराखा जगातला कुठलाही ज्यू ओळखेल.

उत्तरा

पण मलिदा हा शब्द तर कोकणी मुसलमानांकडेही आहे, दर्ग्यावर मलिदा चढवतात. म्हणजे विधी तिथूनच घेतला असणार ना?

नवगाव

शब्द सामायिक आहे, हे खरं. दर्ग्यावरचा मलिदा मी खाल्ला आहे, तो चपाती कुस्करून तूप-गुळाचा. आमचा पोह्यांचा, कुस्करायचं काही नाही. शेजारी राहणाऱ्यांनी एकमेकांकडून घेतलं असेल, नक्कीच असेल. पण कुणी कुणाकडून, हे नुसत्या नावावरून ठरत नाही.

रानपाखरू

मला मुलाखतींत आढळलं की तरुण मंडळी "मलिदा आमचा आहे का दुसऱ्यांचा" या वादात पडतच नाहीत. त्यांना तो हवा आहे कारण मोरोक्कन मित्रांचा त्यांचा मिमुना हा सण असतो, तसा हा आपला. म्हणजे जो विधी कोकणात नवसाचा होता तो तिथे ओळख सांगण्याचा झाला.

पाटी_पेन्सिल

हा तुमचा निष्कर्ष. आता ग्रंथाच्या प्रश्नाशी जोडून लिहा. मी एक मांडणी देतो, तुमच्या शब्दांत बदला:

"इस्रायलमधल्या बेने इस्रायल समाजात लग्न रब्बीच्या मान्यतेशिवाय होऊ शकत नाही, मलिदा मात्र कुणाच्याही मान्यतेशिवाय होतो. अलिबाग-पनवेल आणि लोद-दिमोना येथील एकाच कुटुंबाच्या दोन शाखांच्या मुलाखतींतून मी दाखवते की इस्रायलमध्ये मलिदा नवसापासून सुटून लग्नाच्या आदल्या रात्रीला जोडला गेला. ज्या लग्नाबद्दल या समाजाला चौकशी सोसावी लागली, त्याच लग्नाच्या आदल्या रात्री स्वतःच्या हातातला विधी उभा राहतो. या दोन्हींत संबंध आहे का, आणि तो लोकांना जाणवतो का, हे प्रकरण तपासते."

शेवटी मी "तपासते" लिहिलं कारण तो संबंध तुम्हाला अजून सिद्ध करायचा आहे. तारखा पाहा. मेंदीच्या रात्रीचा मलिदा मुंबईतच सुरू झाला असेल तर हा युक्तिवाद पडतो.

नवगाव

मुंबईत मेंदीला मलिदा होत होता. माझ्या आईच्या लग्नात झाला, भायखळ्याला.

रानपाखरू

मग मला हे पूर्ण फिरवावं लागेल. कोकण ते मुंबई हे आधीचं स्थलांतर मी सोडूनच दिलं होतं. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही सगळी आडनावं गावांची आहेत, म्हणजे आडनाव घेऊन मुंबईत येणं हे पहिलं पाऊल, इस्रायल दुसरं. मुंबईत पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये उभं राहिलं. सिनेगॉग आल्यावर घरच्या विधींचं काय झालं, तिथून सुरुवात करायला हवी.

पाटी_पेन्सिल

आता हे प्रकरण मी वाचेन.

अनघा_प

या धाग्यावरून मसुदा बदलते आहे. नवं आवाहन:

"स्थलांतरित समाजात कुठले विधी कुणाच्याही परवानगीशिवाय चालतात, कुठल्या विधींना धर्मसंस्थेची मान्यता लागते, आणि ती देण्याचा अधिकार कुणाकडे कसा येतो, या प्रश्नावर प्रकरणं मागवत आहोत. प्रत्येक प्रकरणात एक विधी किंवा एक वाद जवळून पाहिलेला असावा, निदान दोन ठिकाणी. नुसता समाजाचा परिचय नको. मराठी, कोकणी भाषकांच्या स्थलांतरांना प्राधान्य, पण प्रश्नाला धरून असेल तर इतरही."

प्रत्येक लेखकाने दुसऱ्या एका प्रकरणाचा कच्चा खर्डा वाचायचा आणि आपल्या प्रकरणात त्याला उत्तर द्यायचं, असंही ठरवतो आहोत. कुडतरी आणि रानपाखरू यांची जोडी पहिली.

पाटी_पेन्सिल

बारा प्रकरणं गुणिले ७००० म्हणजे ८४,०००, शिवाय प्रस्तावना आणि सूची. बहुतेक प्रकाशक ९०,००० ते एक लाख शब्दांच्या आसपास थांबतात, तेव्हा हिशेब बसतो. पण बारा हवी असतील तर पंधरा स्वीकारा. दोन-तीन लेखक शेवटच्या महिन्यात गळतात, हे प्रत्येक संपादित ग्रंथात होतं. प्रस्तावाबरोबर दोन पूर्ण प्रकरणं जोडा, तुमच्या दोघींपैकी एकीचं आणि बाहेरच्या एकाचं. दोन्ही संपादकांचीच जोडली तर परीक्षकाला बाकीच्यांचा अंदाज येत नाही.

आणि प्रकाशक प्रत्येक लेखकाकडून प्रकरणामागे पैसे मागत असेल तर थांबा. अशा संस्था परीक्षकांना पाठवतच नाहीत, आठवड्यात स्वीकृतीचं पत्र देतात. तुमचे तरुण लेखक त्यात सापडतात आणि ते प्रकरण पुढे कुणी मोजत नाही.

अनघा_प

पैसे मागितलेले नाहीत, परीक्षण दोन बाहेरच्यांकडून होईल असं लेखी आहे. धन्यवाद.

नवगाव

एक काळजी मांडायची आहे, तिच्याकडे कृपया दुर्लक्ष करू नका. लग्नाच्या चौकशीवर प्रकरण आलं तर लेखक लोकांच्या घरच्या गोष्टी विचारेल. समजा एखाद्या आजीने सांगितलं की तिच्या आईचा काडीमोड अलिबागला पंचांसमोर झाला, रब्बीचा कागद नव्हता, आणि मग तिने दुसरं लग्न केलं. ही गोष्ट छापून आली तर धर्मशास्त्राप्रमाणे तो डाग पुढच्या सगळ्या पिढ्यांवर जातो. तिची पणती आज अश्दोदला लग्न ठरवते आहे. पुस्तक कुणीही पुरावा म्हणून पुढे करू शकतं.

अनघा_प

नावं बदलणार होतोच. तुम्ही म्हणता ते नाव बदलून सुटणारं नाही का?

नवगाव

नाही सुटणार. आमची आडनावं म्हणजे गावं. आडनाव काढलं तर गाव उरतं, गाव काढलं तर सिनेगॉग उरतं, आणि १९५० च्या सुमारास कुठल्या गावात कोण होतं हे आमच्याकडे प्रत्येकाला पाठ आहे. छोट्या समाजात "एक वृद्ध महिला, रायगड जिल्हा" एवढंही पुरतं.

रानपाखरू

माझ्याकडे अशा दोन मुलाखती आहेत. संमतीपत्रावर सही आहे. पण सही आजीची आहे, पणतीची नाही.

पाटी_पेन्सिल

विद्यापीठाच्या नीतिसमितीचा अर्ज बोलणाऱ्या व्यक्तीची संमती विचारतो, वंशजांची नाही. नियमाने तुम्ही सुरक्षित आहात. नवगाव यांचा आक्षेप त्यामुळे दूर होत नाही. एक मार्ग असा की वैयक्तिक कहाण्या पूर्ण वगळायच्या आणि प्रकरण छापील सूचना, क्नेसेटची चर्चा, त्या काळची वर्तमानपत्रं यांवरच उभं करायचं.

उत्तरा

पण मग बायकांचा आवाज जाईल. सूचना लिहिणारे पुरुष, संसदेत बोलणारे बहुतेक पुरुष. चौकशी ज्यांच्या आयांची झाली त्या कुठेच नसतील.

कुडतरी

आमच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांतही हाच प्रश्न येणार. बापाच्या नावाची जागा रिकामी सोडलेली असते तिथे. मी अशी पानं पाहिली आहेत.

अनघा_प

आत्ता माझ्याकडे याचं उत्तर नाही. तात्पुरतं आवाहनात एक अट घालते आहे: वंश, काडीमोड किंवा जन्माच्या वैधतेबद्दलची कुठलीही मौखिक माहिती वापरायची असेल तर लेखकाने गोषवाऱ्यासोबतच कळवावं, आणि त्या समाजातली एक व्यक्ती खर्डा वाचेल. तिने नको म्हटलेला भाग छापायचा नाही. नवगाव, बेने इस्रायल प्रकरणांसाठी ती व्यक्ती तुम्ही व्हाल का?

नवगाव

एकटा नाही. माझ्यासोबत एक बाई हवी, आणि ती इस्रायलमधली हवी, कारण नुकसान तिथे होणार आहे. इस्रायलहून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघतं, त्यांच्या वाचकांत कुणी मिळेल. मी मामेबहिणीशी बोलून रविवारपर्यंत कळवतो. पण "नको" म्हणायचा अधिकार आम्हाला दिलात तर समाजातले काही जण प्रत्येक गोष्टीला नको म्हणतील, तेव्हा काय कराल?

पाटी_पेन्सिल

हा प्रश्न प्रस्तावातच लिहा, अनघा. परीक्षक विचारणारच आहे.

समीर_चिपळूण

व्यनि मिळाला. मंडळाच्या १९८० नंतरच्या इतिवृत्तांच्या वह्या माझ्या चुलत्यांकडे परळला आहेत. पालखीच्या वादाच्या बैठकीत कोण काय बोललं ते नावानिशी लिहिलेलं आहे. वरचं सगळं वाचून आता वाटतं, आधी भाऊबंदांना विचारून घेतो.